फोडणी बदला, पण पळी मोजून

भगिनींनो, दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाच्या कागदावर डॉक्टर दोन-तीन ओळी लिहून देतात. गोळ्यांच्या वेळा आपण नीट विचारून घेतो, पण जेवणाविषयी लिहिलेली ओळ तशीच कागदावर राहते. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, सोलापूरला, असेच झाले. दाजींची सारी उमर यंत्रमागावर गेली. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली आणि हृदयाच्या नळीत स्टेंट बसवावा लागला. घरी सोडताना कागदावर लिहिले होते, "तेल-तूप कमी. तेल बदलत राहा." अक्काने तो कागद मला दाखवला आणि विचारले, "बदलत राहा म्हणजे गं काय? रोज नवी पिशवी फोडू का मी?"

प्रश्न रास्त होता. अक्काच्या घरी माणसे पाच. अक्का, दाजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. महिन्याला सूर्यफुलाच्या तेलाचा 5 लिटरचा कॅन यायचा आणि बरोबर महिन्याच्या शेवटी संपायचा. गेली दहा-बारा वर्षे हेच चालले होते. कॅनवर लाल बदामाचे चित्र होते आणि "कोलेस्टेरॉल नाही" असे ठळक छापलेले होते. त्यामुळे तेल चांगलेच आहे अशी सर्वांची समजूत होती.

आधी त्या छापील ओळीविषयी सांगते. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असते, म्हणजे मटण, अंडी, दूध, तूप यांत. बियांच्या तेलात ते मुळात नसतेच. तेव्हा शेंगदाण्याचे, करडईचे, सोयाबीनचे, अगदी डालड्यासारखे वनस्पती तूप घेतले तरी त्यात कोलेस्टेरॉल नसतेच. त्या ओळीवरून तेल हृदयाला चांगले की वाईट हे कळत नाही. त्यासाठी तेलातली चरबी कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते.

तेल बदलायचे ते कशासाठी?

सोपे करून सांगायचे तर तेलात तीन-चार प्रकारची चरबी असते. एक प्रकार थंडीत थिजणारा. तो जास्त खाल्ला की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते. पामतेलात हा प्रकार जवळजवळ निम्मा असतो, खोबरेल तेलात तर त्याहून पुष्कळच जास्त. दुसरा प्रकार शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतो. तो मवाळ आहे आणि आचेवर बऱ्यापैकी टिकतो. तिसरा प्रकार म्हणजे ज्याला ओमेगा-6 म्हणतात तो. सूर्यफूल आणि करडई ही याची तेले. करडईच्या तेलात तर सुमारे तीन चतुर्थांश हाच असतो. थिजणाऱ्या चरबीच्या जागी हा आला तर वाईट कोलेस्टेरॉल उतरते. चौथा प्रकार म्हणजे ओमेगा-3. तोही शरीराला लागतो आणि शरीर तो स्वतः तयार करू शकत नाही.

खरी अडचण इथेच आहे. सूर्यफूल, करडई आणि शेंगदाणा या आपल्या तिन्ही ओळखीच्या तेलांत हा चौथा प्रकार जवळपास नसतोच. सोयाबीनच्या तेलात तो शंभर भागांत सातच्या आसपास असतो. मोहरीच्या तेलात त्याहून जास्त. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक. म्हणजे कोणत्याही एका तेलात चारही गोष्टी योग्य मापात नाहीत. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था एकाच तेलावर न राहता निरनिराळी तेले आणि बिया वापरा असे सांगते, ते याचसाठी. अक्काच्या घरी एकाच जातीची चरबी भरपूर जात होती आणि दुसरी अजिबात जात नव्हती.

पण त्यातही मोठी चूक दुसरीच होती.

खोकल्याच्या औषधाचे टोपण

मी अक्काला म्हटले, "आधी तुझी पळी किती तेल घेते ते बघू." घरात नातवाच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. तिच्या टोपणावर 5 आणि 10 मिलिलिटरच्या खुणा असतात. ते टोपण धुऊन वाळवले आणि पळीतले तेल त्याने मोजले. पळी निघाली 15 मिलिलिटरची, म्हणजे चहाचे तीन चमचे. भाजीच्या फोडणीला अक्का अंदाजाने अडीच-तीन पळ्या घालत असे. आमटीला दीड, पिठल्याला तीन.

मग महिन्याचा हिशेब केला. 5 लिटर म्हणजे 5,000 मिलिलिटर. पाच माणसे आणि तीस दिवस, म्हणून दीडशेने भागले. माणशी रोज 33 मिलिलिटर आले, म्हणजे साडेसहा चमचे. शिवाय भाजीतला शेंगदाण्याचा कूट, दूध, मटण, बाहेरचा वडापाव आणि नातवाची खारी यांतली चरबी वेगळीच.

आम्ही ठरवले की माणशी रोज चार चमचे, म्हणजे 20 मिलिलिटर, याच्या वर जायचे नाही. पाच माणसांचे रोज 100 मिलिलिटर आणि महिन्याचे 3 लिटर झाले. ज्या घरात सारेच बसून काम करणारे आहेत त्यांनी यापेक्षाही कमी करावे. दिवसभर ओझे वाहणाऱ्या कमावत्या माणसाला पाऊण-एक चमचा जास्त गेला तरी चालेल. पण ज्याच्या हृदयाची नळी एकदा बंद झाली आहे त्याच्या ताटात तेलाची तर्री नको.

भगिनींनो, हा क्रम उलटा करू नका. आधी माप कमी करायचे आणि नंतर तेल बदलायचे. तेल बदलले आणि माप तेच ठेवले, तर फायदा थोडा आणि खर्च मात्र जास्त. मी एका घरी पाहिले की "आता हृदयाचे तेल आणले" म्हणून भजीचा घाणा आठवड्यातून दोनदा निघू लागला. चांगले तेल झाले तरी एक चमचा तेलातून साधारण चाळीस उष्मांक पोटात जातातच.

तीन पिशव्या

तीन लिटरची वाटणी आम्ही अशी केली. सोयाबीनचे रिफाइंड दीड लिटर, शेंगदाण्याचे एक लिटर, करडईचे अर्धा लिटर. अक्काच्या दुकानदाराकडे त्या महिन्यात सूर्यफूल 160 रुपये लिटर होते, म्हणजे पाच लिटरचे 800 रुपये जात होते. सोयाबीन 145 रुपयांनी दीड लिटरचे 220 च्या आत, शेंगदाण्याचे 190 आणि करडईचे अर्ध्या लिटरला 115. सगळे मिळून सव्वापाचशेच्या आसपास झाले. भाव सारखे वरखाली होतात, म्हणून आपल्या गल्लीतल्या दुकानाचा भाव घालून आपला हिशेब करावा. पण एक गोष्ट कायम राहते. महाग तेलाचे पैसे कमी केलेल्या मापातूनच निघतात, वेगळे काढावे लागत नाहीत.

पिशवी घेताना तिच्यावरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेलाचे वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरते. आजकाल 850, 800, 750 ग्रॅमच्या पिशव्याही तशाच दिसणाऱ्या असतात आणि स्वस्त वाटतात. दुसरे म्हणजे सुटे तेल घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. पायांवर सूज येऊन माणसे आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली. भेसळ डोळ्यांना दिसत नाही. शिवाय स्वस्त सुट्या तेलात पामतेल मिसळलेले असले, तर आपला सगळा हिशेबच वाया जातो.

कोणते तेल कशात?

अक्काला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वारांचा तक्ता लागत नाही. सोमवारी हे आणि मंगळवारी ते असे लक्षात ठेवणे कामावरून आलेल्या बाईला जमत नाही. तेलाची वाटणी वारावर न करता पदार्थावर केली की हात आपोआप योग्य बरणीकडे जातो.

सकाळची भाजी आणि दोन्ही वेळची आमटी सोयाबीन तेलात. वांगे, गवार, मेथी, चवळी, तुरीची किंवा मसुराची आमटी यांत मसाला असतो, त्यामुळे सोयाबीनचा वास लागत नाही. तरी पहिल्या आठवड्यात दाजींनी ताट बाजूला सारले. "डब्याला कसला उग्र वास मारतोय?" म्हणाले. चूक अशी झाली होती की तेल कोमट असतानाच सुनेने मोहरी टाकली होती. तेल आधी नीट तापू द्यायचे, पण धूर निघेपर्यंत नाही. मोहरी तडतडली, लसूण तांबूस झाला की वास जातो. दुसऱ्या आठवड्यात दाजींनी तक्रार केली नाही.

संध्याकाळचे पिठले, झुणका, भरले वांगे, तव्यावर परतायच्या गोष्टी शेंगदाणा तेलात. झुणक्याला शेंगदाणा तेलाची चव लागतेच, तिथे सोयाबीन घालून घरात भांडण कशाला? तळण असेल तर तेही शेंगदाणा तेलातच करावे, कारण ते आचेवर जास्त टिकते.

करडईचे तेल मात्र चुलीवर चढवायचे नाही. आपल्या भागात चटणीवर कच्चे तेल घालून भाकरी खायची रीत जुनीच आहे. तेच करडईचे काम. लसणाच्या चटणीवर, कांद्यावर, कोशिंबिरीवर पाच माणसांत मिळून रोज तीन चमचे. या तेलातली चरबी आचेला नाजूक असते. एकदा सुनेने त्यात भजी तळली तर कढईत फेसच फेस आला आणि कढईच्या कडेला चिकट पिवळा थर बसला. तो घासून काढता काढता हात दुखले.

कूट म्हणजे तेलच

सोलापूरकडच्या बायकांना हे थोडे टोचेल, पण सांगितलेच पाहिजे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. भाजीत मूठभर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम कूट घातला की त्यातून 14 ग्रॅम चरबी येते, म्हणजेच तीन चमचे तेल. कूट वाईट नाही. त्यात प्रथिने आहेत आणि त्याची चरबीही मवाळ आहे. तेव्हा कूट बंद करू नका, पण ज्या भाजीत कूट आहे तिची फोडणी पाच चमच्यांऐवजी दोन-तीन चमच्यांत करा. शिजताना कुटातून तेल सुटते आणि भाजी कोरडी दिसत नाही. खोबरे घातले असेल तर आणखी सांभाळा, त्याची चरबी थिजणारी असते.

आणि ओमेगा-3 साठी सर्वांत स्वस्त वस्तू आपल्या घरात पूर्वीपासून आहे, ती म्हणजे जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजावे, काळे होऊ देऊ नये. लसूण, लाल मिरची, जिरे आणि थोडे मीठ घालून बारीक कुटावे. अख्खे जवस पोटातून तसेच निघून जाते, म्हणून कुटणे आवश्यक आहे. माणशी रोज एक-दोन चमचे पुरेत. एकदम महिन्याची चटणी करून ठेवू नये, आठ-दहा दिवसांपुरतीच करावी, कारण ती लवकर खवट होते. हृदयाच्या माणसासाठी मीठ बेताने. बाजारात "हृदयासाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटलीपेक्षा पाव किलो जवस स्वस्त पडते.

एप्रिल महिना

आमचा पहिला महिना एप्रिल होता, म्हणजे मध्येच 14 एप्रिल. त्या दिवशी घरी पाहुणे येणार आणि पुरी-भाजी होणार, हे ठरलेलेच. अक्का म्हणाली, "जयंतीला पुऱ्या नाही तळल्या तर लोक काय म्हणतील?" पुऱ्या बंद करा असे मी म्हटलेच नाही. आम्ही महिन्याचे तेलच तसे वाटले. रोजचे माप 100 ऐवजी 80 मिलिलिटर धरले. सकाळच्या भाजीला पाच चमचे, आमटीला तीन, संध्याकाळच्या पदार्थाला पाच, चटणीवर कच्चे तीन. तीस दिवसांचे 2,400 झाले आणि 600 शिल्लक राहिले. त्यातले 200 चार रविवारांना वाटून दिले आणि 400 जयंतीसाठी ठेवले. भाकरीला तेल लागत नाही हा आपला मोठा फायदा आहे. चपातीच्या घरांनी चपातीचे तेल यातूनच काढायचे आहे.

रविवारी मटण असले तर वरची दिसणारी पांढरी चरबी काढूनच शिजवायचे. रस्सा आदल्या रात्री करून थंड केला की वर थर जमतो, तो चमच्याने काढता येतो. महिन्यात दोन रविवार मटणाऐवजी मासळी केली, तव्यावर थोड्या तेलात.

पुऱ्यांसाठी मोठी पसरट कढई न घेता लहान खोलगट घेतली. तिला 400 मिलिलिटर शेंगदाणा तेल पुरले. चाळीसेक पुऱ्या झाल्या आणि साधारण 150 मिलिलिटर तेल उरले. खरी परीक्षा या उरलेल्या तेलाचीच असते. आपल्याकडे ते तसेच झाकून ठेवतात आणि पुढच्या तळणाला त्यातच नवे ओततात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात शरीराला अपायकारक गोष्टी तयार होतात, आणि मग ते मुळात कोणत्या बीचे होते याला काही अर्थ राहत नाही. अक्काने ते थंड झाल्यावर फडक्यातून गाळले, वेगळ्या लहान डब्यात ठेवले आणि तीन दिवसांत संध्याकाळच्या फोडणीत संपवले. त्यात पुन्हा तळले नाही. उरलेले तेल काळपट झाले असेल, दाट वाटत असेल, तापवताच फेस येत असेल किंवा लवकर धूर धरत असेल, तर जीव लावून ठेवू नका, टाका. मोरीत ओतू नका, मोरी तुंबते. राखेत किंवा कागदात जिरवून कचऱ्यात द्या.

आणखी एक चूक दुसऱ्याच आठवड्यात झाली. सुनेने सोयाबीनची नवी पिशवी सूर्यफुलाच्या जुन्या बरणीत ओतली. तळाशी जुने तेल होते आणि कडेला चिकट थर होता. आठ दिवसांत साऱ्या बरणीला जुन्या रंगासारखा वास आला. जुन्या तेलाचा खवटपणा नव्याला लागतो. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय तिच्यात नवे तेल घालायचे नाही. बरणी शेगडीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही. फोडलेली पिशवी महिन्या-दीड महिन्यात संपवायची. म्हणूनच लहान कुटुंबाने एका वेळी चार-पाच तेले आणू नयेत. तीन माणसांच्या घरी दोनच पुरेत, सोयाबीन आणि शेंगदाणा.

पुढच्या महिन्यात सोयाबीनऐवजी सूर्यफूल आणले तरी चालेल, पण मग जवसाची चटणी चुकवायची नाही. ज्यांना मोहरीच्या तेलाचा झणका चालतो त्यांनी पालेभाजीला ते थोडे वापरून पाहावे. भाताच्या कोंड्याचे तेलही शेंगदाणा तेलाच्या जागी चालते. पामतेल आणि वनस्पती तूप मात्र घरात आणू नये. ते खारी, टोस्ट, फरसाण यांतून गुपचूप येते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात "पामोलिन" लिहिलेले असते, ते शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

तीन महिन्यांनी दाजींचे रक्त तपासले. वाईट कोलेस्टेरॉल उतरले होते. अक्काने लगेच विचारले, "मग गोळी बंद करायची का?" डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले. गोळी चालू आहे, विडी बंद झाली आहे, संध्याकाळी फिरणे सुरू आहे आणि तेलही कमी झाले आहे. यातले किती कशामुळे हे वेगळे काढता येत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने तेल बदलले म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडणे जिवावर बेतते.

अक्काने आता बरण्यांवर कागद चिकटवले आहेत. पहिलीवर "भाजी-आमटी", दुसरीवर "पिठले-तळण", तिसरीवर "चटणी, चुलीवर नाही". औषधाचे टोपण दोरीने फळीला बांधले आहे. करडईची बरणी या महिन्यात सत्तावीस तारखेलाच रिकामी झाली. अक्काने चौकशी केली, तर दाजी रात्रीच्या भाकरीबरोबर तिसरा चमचा गुपचूप घेत होते.